कुरिअरमध्ये फुटलेल्या वस्तूची भरपाई कशी मिळवायची : एका तंबोऱ्याची गोष्ट आणि पावतीवरच्या दोन ओळी

मुलीसाठी मिरजेहून तंबोरा मागवला होता. ६ जानेवारी २०२५ला तिथल्या कारागिरांनी तो एका खाजगी कुरिअर कंपनीकडे दिला आणि १० तारखेला नाशिकला आमच्या दारात आला. खोक्यावर चारी बाजूंनी 'नाजूक' लिहिलेलं होतं, आणि एका कोपऱ्यात मूठभर आत गेलेला खड्डा होता. आतल्या भोपळ्याला दांडीच्या सांध्यापासून खाली वीतभर तडा गेला होता आणि सांधाही उघडला होता. तंबोऱ्याची किंमत ३८,००० रुपये, आणि बुकिंग करताना ती पावतीवर लिहिलेली होती.

"किंमत लिहिलीय ना, मग मिळतील पैसे," असं घरातले सगळेच म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. पुढचे चार महिने पत्रं लिहिताना कळलं की किंमत लिहिणं हा हक्काचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा त्याच पावतीवर दुसऱ्या एका ओळीत असतो, आणि ती ओळ सहसा कुणी वाचत नाही.

आधी पावती नीट वाचा

पार्सल रस्त्याने जात असेल, तर खाजगी कुरिअर कंपनीला कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ लागू होतो. या कायद्याच्या 'कॉमन कॅरियर'च्या व्याख्येत ट्रकवाले आणि बुकिंग एजंट यांच्यासोबत घरपोच सेवा देणाऱ्या कुरिअर कंपन्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सरकार या व्याख्येत येत नाही, त्यामुळे टपाल खात्याचं पार्सल फुटलं तर नियम वेगळे.

कलम १० म्हणतं की वाहतूकदाराची जबाबदारी नियमांनी ठरवलेल्या रकमेपुरती मर्यादित राहील. पाठवणाऱ्याने कलम ११प्रमाणे जादा जोखमीचा दर भरायचं स्पष्टपणे कबूल केलं असेल, तर मात्र ही मर्यादा लागत नाही. ठरवलेली रक्कम २०११च्या नियमांमध्ये आहे : भाड्याच्या दहापट, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही.

याचा अर्थ नीट पाहा. नुसती किंमत लिहिली आणि जोखमीचे जादा पैसे भरले नाहीत, तर ती किंमत भरपाईचं फक्त छत ठरते. त्या छताखाली तुम्हाला मिळणार भाड्याच्या दहापट. दोनशे रुपयांत पाठवलेल्या आठ हजारांच्या काचेच्या दिव्याचे कायद्याने दोन हजार होतात, पावतीवर आठ हजार ठळक लिहिलेले असले तरी.

आमच्या पावतीवर मूळ भाडं १,४५० रुपये होतं. त्याखाली 'रिस्क चार्ज' म्हणून ३८० रुपये, डॉकेट म्हणजे पावतीचं शुल्क ५० रुपये, आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी धरून २,२१८ रुपये. ते ३८० रुपये नसते तर आमची कमाल भरपाई १४,५०० झाली असती. होते म्हणून आम्ही प्रत्यक्ष नुकसानीइतकी रक्कम मागू शकलो. कारागिरांनी ते सवयीने भरले होते. "भोपळ्याचं काम आहे, नेहमी भरतो," एवढंच ते म्हणाले.

ही ओळ प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लिहिते. कुठे 'एफओव्ही', कुठे 'कॅरियर रिस्क', कुठे 'रिस्क कव्हरेज', तर कुठे नुसताच 'इन्शुरन्स'. शेवटच्या शब्दाशी मात्र थांबा. तुमच्या नावाने खरोखर विमा काढलेला असेल तर विमा कंपनीचं प्रमाणपत्र किंवा पॉलिसी क्रमांक मिळतो आणि दावा विमा कंपनीकडे जातो. तिचा सर्व्हेअर माल पाहतो, आणि कुरिअर कंपनीकडून 'सर्टिफिकेट ऑफ फॅक्ट्स' नावाचा कागद घ्यावा लागतो, ज्यात माल फुटल्याचं ती मान्य करते. असं काहीच मिळालं नसेल तर 'इन्शुरन्स'च्या नावाखाली घेतलेले पैसे हे कंपनीने स्वतः घेतलेल्या जोखमीचेच असतात, आणि दावा तिच्यावरच करायचा.

पावतीवर 'ओनर्स रिस्क' असा शिक्का दिसला तरी घाबरून जाऊ नका. नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं की मालकाच्या जोखमीवर माल नेला तरी वाहतूकदाराची हलगर्जीपणाची जबाबदारी सुटत नाही. तो निकाल १८६५च्या जुन्या कायद्याखालचा आहे, पण युक्तिवादात अजूनही उपयोगी पडतो.

दुसऱ्या बाजूचा निकालही ठाऊक असू द्या, कारण कंपनी तोच पुढे करते. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली असं धरलं की पाठवणाऱ्याने सही केलेल्या पावतीवर जबाबदारीची मर्यादा छापलेली असेल तर ती त्याला बांधते. तिथे मर्यादा होती १०० डॉलर. म्हणून पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कंपनी त्यावरच बोट ठेवणार आहे, आणि जोखीम शुल्क भरल्यावर काय होतं हेही बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं.

दारात पार्सल आल्यावरची दहा मिनिटं

पुढच्या सगळ्या पत्रव्यवहाराचं वजन इथे ठरतं. डिलिव्हरीचा मुलगा घाईत असतो, आणि त्याची घाई खरी असते. आमच्याकडे आलेला मुलगा म्हणाला, "साहेब, सही करा ना, अजून चाळीस पार्सलं द्यायचीत." मी म्हटलं, "अरे बाबा, दोन मिनिटं थांब, कोपरा दबलाय बघ." त्यालाही तो दिसला.

खोकं उघडण्याआधी सहाही बाजूंचे फोटो काढा. एका फोटोत पावतीचा क्रमांक असलेलं लेबल आणि खड्डा किंवा फाटलेली जागा एकत्र दिसली पाहिजे. नुसत्या खड्ड्याच्या फोटोवर कंपनी विचारू शकते की हे खोकं आमचंच कशावरून. मग उघडतानाचा व्हिडिओ घ्या. मध्ये न थांबवता, लेबलापासून सुरुवात करून फुटलेल्या भागापर्यंत. हात थरथरला तरी चालेल, पण कट नको.

सही करताना शेरा लिहा. कागदी पावती असेल तर सहीशेजारी 'खोक्याचा कोपरा दबलेला, आतली वस्तू तपासायची बाकी' असं लिहून वेळ टाका आणि त्या कागदाचा फोटो घ्या. आजकाल मोबाइलवर बोटाने सही घेतात किंवा ओटीपी मागतात, तिथे शेरा लिहायला जागाच नसते. अशा वेळी मुलगा दारात असतानाच कंपनीच्या तक्रारीच्या ईमेलवर दोन ओळी पाठवा. त्या ईमेलवरची वेळ हाच तुमचा शेरा. ओटीपी दिला म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाल्याचं तुम्ही कबूल केलं, असं कंपनी पुढे म्हणते. डिलिव्हरीच्या नोंदीनंतर तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गेलेला ईमेल त्याला पुरेसं उत्तर देतो.

पार्सल घ्यायचंच नाही, परत पाठवायचं, असं पुष्कळ जण सुचवतात. माझं मत उलट आहे. परत गेलेलं खोकं पुन्हा चार गोदामांतून फिरतं, आणि मग कुठला तडा जाताना पडला आणि कुठला येताना, हे कुणालाच सांगता येत नाही. पुरावा आपल्या घरात असलेला बरा. आतून द्रव गळत असेल किंवा खोकं पूर्ण फाटलेलं असेल, तर गोष्ट वेगळी.

बाहेरून काहीच दिसलं नाही आणि संध्याकाळी उघडल्यावर फुटलेलं निघालं, असंही होतं. अशा लपलेल्या नुकसानीसाठी कंपन्यांच्या अटींमध्ये फार थोडा वेळ दिलेला असतो, बहुधा एक-दोन दिवसांचा. म्हणून नाजूक वस्तू आली की त्याच दिवशी उघडा, मुहूर्त नंतर बघू.

एक काम माणसं हमखास विसरतात. खोकं, थर्माकोल, बबल रॅप, आतले कागदाचे बोळे, यातलं काहीही टाकू नका. भरपाई मिळेपर्यंत ते घरात ठेवा. आमच्या दिवाणखान्यात ते खोकं जवळजवळ चार महिने उभं होतं आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, "फ्रिज घेतला का?"

पहिलं पत्र

त्याच दिवशी ईमेल करा. कस्टमर केअरला फोन केला तर तक्रार क्रमांक घ्या, पण फोनवर थांबू नका. ईमेलमध्ये राग कमी आणि आकडे जास्त हवेत. मी पाठवलेलं पत्र साधारण असं होतं :

"डॉकेट क्रमांक अमुक. ६ जानेवारी २०२५ रोजी मिरजेत बुक केलेलं पार्सल आज १० जानेवारीला सकाळी ११.२० वाजता मिळालं. पावतीवर जाहीर किंमत ३८,००० रुपये आणि रिस्क चार्ज ३८० रुपये आहे. खोक्याचा एक कोपरा आत दबलेला आहे. आतल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला सुमारे २० सेंटिमीटर तडा गेला असून दांडीचा सांधा उघडला आहे. फोटो, व्हिडिओ आणि पावती सोबत जोडली आहे. वस्तू आणि पूर्ण पॅकिंग जसंच्या तसं ठेवलं आहे. तपासणी करायची असल्यास ७ दिवसांत माणूस पाठवावा. त्यानंतर मी कारागिराकडून दुरुस्तीचा अंदाज घेईन. भरपाईची रक्कम अंदाज मिळाल्यावर कळवतो."

तपासणीचं आमंत्रण मुद्दाम दिलं आहे. ते न देता वस्तू दुरुस्तीला पाठवली, तर कंपनी म्हणते की आम्हाला पाहूच दिलं नाही. आमच्याकडे कुणी आलं नाही, 'व्हिडिओ पाठवा' एवढं उत्तर आलं. तेही उत्तर जपून ठेवलं.

पत्र कुणी पाठवायचं, हा प्रश्न इथेच सोडवून टाका. बुकिंग मिरजेच्या कारागिरांच्या नावाने होतं, म्हणजे करार त्यांचा आणि कंपनीचा. मी फक्त माल घेणारा. म्हणून त्यांच्याकडून एका ओळीचं सहीचं पत्र घेतलं की या पार्सलसंबंधी दावा करण्याचा अधिकार मी अमुक यांना देत आहे. हे पत्र नसेल तर कंपनी तुम्हाला पाठवणाऱ्याकडे बोट दाखवते, पाठवणारा तुमच्याकडे, आणि महिने जातात.

किती मागायचे

इथे आपली माणसं दोन टोकांच्या चुका करतात. एक तर संपूर्ण किंमत आणि वर मनस्तापाचे पन्नास हजार मागतात, नाही तर 'जे देतील ते' म्हणतात.

वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर मागणी दुरुस्तीच्या खर्चाची करायची. मी तंबोऱ्याचे फोटो मिरजेला पाठवले आणि लेटरहेडवर अंदाज मागवला. नवा भोपळा बसवणं, त्यावरची लाकडी तबली पुन्हा जोडणं, सांधा आणि पॉलिश मिळून १६,५०० रुपये. तंबोरा मिरजेला न्यायचा आणि आणायचा खर्च प्रत्येकी १,४५०, म्हणजे २,९००. एकूण मागणी १९,४००. दांडी, घोडी आणि खुंट्या शाबूत होत्या, आणि त्या शाबूत आहेत असं मी पत्रात स्वतःहून लिहिलं. जे फुटलेलं नाही ते कबूल केलं की जे फुटलंय त्यावर विश्वास बसतो.

अंदाज देणाऱ्याला एक वाक्य जरूर लिहायला सांगा : भोपळ्याला तडा गेल्यावर नुसता चिकटवून चालत नाही, कारण तिथूनच वाद्याचा नाद येतो, म्हणून बदलावाच लागतो. कंपनीतला क्लेम पाहणारा माणूस वाद्य ओळखत नाही. 'लाकडाला फेव्हिकॉल लावून भागेल' असं त्याला प्रामाणिकपणे वाटू शकतं. काचेच्या, चिनी मातीच्या किंवा मूर्तीच्या बाबतीतही असंच, दुरुस्ती का पुरत नाही हे जाणत्याच्या शब्दांत यायला हवं.

वस्तू पूर्ण गेली असेल तर खरेदीचं बिल आणि जाहीर किंमत यातली कमी असलेली रक्कम मागा. बिल ३८,००० आणि जाहीर किंमत १०,००० असेल, कारण कुणीतरी जोखीम शुल्क वाचवायला कमी लिहिली, तर १०,०००च्या वर जाता येत नाही. उलट बिलापेक्षा जास्त किंमत लिहून जास्त पैसे मिळत नाहीत, नुकसान जेवढं तेवढंच. पूर्ण भरपाई दिल्यावर कंपनी फुटलेली वस्तू मागू शकते, तेव्हा ती द्यायची तयारी ठेवा.

'पॅकिंग बरोबर नव्हतं'

बहुतेक दावे इथे अडकतात. ३ फेब्रुवारीला आम्हालाही हेच उत्तर आलं : आतलं पॅकिंग अपुरं असल्याने दावा नामंजूर.

कायदा इथे ग्राहकाच्या बाजूने आहे. कलम १२मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की माल हरवला किंवा खराब झाला तर तो वाहतूकदाराच्या हलगर्जीपणाने झाला, हे दावा करणाऱ्याने सिद्ध करायची गरज नाही. वाहतूकदार कोणत्या कारणांनी सुटतो, ते कलम १७मध्ये आहे : नैसर्गिक आपत्ती, युद्ध किंवा शत्रूची कृती, दंगल आणि नागरी अशांतता, कायदेशीर जप्ती, सरकारी आदेश किंवा बंदी. या कारणांतही योग्य काळजीने नुकसान टाळता आलं असतं तर सुटका नाही. वाईट पॅकिंग या यादीत नाही.

तरीही नुसतं कलम लिहून थांबू नका. काचेची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवली असेल तर ग्राहक आयोगही ती गोष्ट लक्षात घेईलच. पॅकिंगचा मुद्दा पुराव्याने खोडावा लागतो, आणि तो खोडायची रीत सोपी आहे : बाहेरची जखम आणि आतली जखम एका रेषेत आहे का ते दाखवा. आमच्या खोक्याचा दबलेला कोपरा भोपळ्याच्या बरोबर समोर होता. मी रिकाम्या खोक्यात भोपळ्याची जागा खडूने आखली, खड्ड्यापासूनचं अंतर टेपने मोजलं आणि त्याचा फोटो पाठवला. बाहेरून धक्का बसल्याशिवाय जाड खोक्याचा कोपरा आत जात नाही. आत पॅकिंग कमी असतं आणि वस्तू आतल्या आत हलून फुटली असती, तर खोकं बाहेरून बहुधा नीट राहिलं असतं. तुमची केस त्या दुसऱ्या प्रकारची असेल, म्हणजे खोकं ठणठणीत आणि आतली बशी मात्र फुटलेली, तर बाजू कमजोर आहे हे आधीच ओळखा. अशा वेळी पूर्ण रकमेवर अडून बसण्यापेक्षा लवकर तडजोड बरी.

दुसरा पुरावा पाठवणाऱ्याकडे असतो. मिरजेच्या कारागिरांनी पॅक करताना फोटो काढले होते : तारा सैल केलेल्या, घोडी कापडाने बांधलेली, भोपळ्याभोवती फोमचे दोन थर. असे फोटो नसतील तर त्यांच्याकडून लेखी वर्णन घ्या. आणि एक प्रश्न कंपनीला विचारा : नाजूक वस्तू म्हणून किंमत लिहून घेतली, जोखमीचे पैसे घेतले, तेव्हा तुमच्या माणसाने पॅकिंगवर हरकत का घेतली नाही? पावतीवर 'पॅकिंग अपुरं' असा शेरा नसेल तर याचं उत्तर त्यांना देता येत नाही.

१८० दिवस कुठून मोजायचे

कलम १६ म्हणतं की नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत मिळाली पाहिजे. ती दिली नसेल तर पुढे दावा किंवा इतर कायदेशीर कारवाई चालत नाही.

यातला शब्द बुकिंग आहे, डिलिव्हरी नाही. पार्सल महिनाभर गोदामात अडकून मग मिळालं, तर तो महिना तुमच्या १८० दिवसांतूनच गेला. आमचं बुकिंग ६ जानेवारीचं, म्हणजे शेवटची तारीख ५ जुलै. आणि 'क्लेम विचाराधीन आहे' असं दर पंधरा दिवसांनी लिहिणाऱ्या कंपनीमुळे हे घड्याळ थांबत नाही. सहा महिने गोड ईमेल आणि मग शांतता, हा अनुभव पुष्कळांना आला असेल.

म्हणून मी १० मार्चला नोटीस पाठवली. वकील लागत नाही. साध्या कागदावर डॉकेट क्रमांक, बुकिंग आणि डिलिव्हरीची तारीख, नुकसानीचं वर्णन, १९,४०० रुपयांचा हिशोब, आधीच्या ईमेलच्या तारखा, आणि 'ही कलम १६ खालची नोटीस समजावी, १५ दिवसांत रक्कम द्यावी' एवढं वाक्य. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा छापून ठेवा, आणि तीच नोटीस ईमेलनेही टाका. तुमच्या गल्लीतल्या फ्रँचायझीला दिलेल्या नोटिसीवर विसंबू नका, उद्या ते दुकान बंद झालेलं असतं.

परदेशी विमानाने गेलेल्या पार्सलला हा कायदा नाही. तिथे कॅरेज बाय एअर अ‍ॅक्ट, १९७२ लागतो, नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांत करावी लागते आणि दावा दोन वर्षांत. अमेरिकेतल्या नातेवाइकांना गणपतीची मूर्ती पाठवणाऱ्यांनी हे १४ दिवस त्यांना आधीच सांगून ठेवावेत.

तडजोडीचे आकडे कसे येतात

नोटिसीआधीच, २४ फेब्रुवारीला, पहिला देकार आला होता : ५,००० रुपये, 'सदिच्छा म्हणून'. सोबत एक फॉर्म, त्यात 'पूर्ण आणि अंतिम समाधान झाले' असं छापलेलं. त्यावर सही केली की विषय संपतो. रक्कम मान्य नसेल तर तो फॉर्म भरूच नका. रद्द केलेला धनादेश आणि खात्याचे तपशील मागतात, ते रक्कम ठरल्यावरच द्या.

नोटिसीनंतरही हालचाल नव्हती, म्हणून २८ मार्चला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. फोन क्रमांक १९१५, आणि संकेतस्थळ consumerhelpline.gov.in. हेल्पलाइनला निकाल द्यायचा अधिकार नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण कंपनीत तो कागद कस्टमर केअरच्या टेबलावरून उठून वेगळ्या टेबलावर जातो, आणि तिथल्या माणसाला भाषा कळते.

एप्रिलच्या मध्याला दुसरा देकार आला, १४,५०० रुपये. हा आकडा कुठून आला ते आता तुम्हाला कळेल : भाड्याच्या दहापट. म्हणजे कंपनीने पॅकिंगचा मुद्दा सोडला होता आणि कलम १०च्या मर्यादेवर येऊन थांबली होती. मी एकच ओळ परत पाठवली : ३८० रुपये रिस्क चार्ज घेतलेला आहे, तेव्हा दहापटीची मर्यादा इथे लागत नाही. सोबत पावतीचा तो भाग लाल रेघ मारून.

६ मे रोजी १७,९५० रुपये जमा झाले. दुरुस्तीचे १६,५०० आणि एका बाजूचं भाडं. दुसऱ्या बाजूचे १,४५० सोडून दिले. त्यासाठी आयोगात जाण्यात अर्थ नव्हता, आणि मुलीची परीक्षा जवळ आली होती.

नाहीच दिले तर

जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पावतीवर 'फक्त दिल्लीच्या न्यायालयांत' असं छापलेलं असलं तरीही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मात्र वरची १८० दिवसांची नोटीस दिलेली असायला हवी, दोन वर्षं आहेत म्हणून ती टाळता येत नाही.

तक्रारीच्या शुल्काबाबत माणसं उगाच घाबरतात. नव्या कायद्यात ते मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी भरलेल्या मोबदल्यावर ठरतं. आमच्या बाबतीत मोबदला म्हणजे २,२१८ रुपये. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क शून्य आहे. तक्रार e-jagriti.gov.in वर घरबसल्या दाखल करता येते, स्वतः बाजू मांडता येते. पावती, बिल, फोटो, अंदाज, ईमेल, नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, अधिकारपत्र आणि शपथपत्र एवढे कागद लागतात. तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे धरून चाला.

एक अडचण व्यापाऱ्यांची. व्यावसायिक कारणासाठी सेवा घेणारा या कायद्यात ग्राहक ठरत नाही. उपजीविकेसाठी स्वतः काम करणाऱ्याला सूट आहे, पण त्यावर वाद होतो. म्हणूनच आमच्या केसमध्ये दावा कारागिरांऐवजी मी केला. घरात गाणं शिकणाऱ्या मुलीचा तंबोरा हा व्यवसाय आहे असं कुणी म्हणू शकत नाही. रोज वीस पार्सलं पाठवणाऱ्या दुकानदाराला मात्र कदाचित दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागेल. त्यानेही कलम १६ची नोटीस चुकवायची नाही.

तंबोरा मिरजेला पाठवताना मी पुन्हा रिस्क चार्ज भरला, यावेळी दुसऱ्या कंपनीकडे. परत आणायला मात्र स्वतः गाडी घेऊन गेलो. नव्या भोपळ्याचा आवाज आधीपेक्षा थोडा खर्जात आहे, असं मुलगी म्हणते. कारागीर म्हणाले, "वर्षभर वाजू द्या, मोकळा होईल."